आईचे दुखणे आणि रजेचा अर्ज

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 नुसार रजा हक्क म्हणून मागता येत नाही आणि लोकसेवेची निकड असल्यास सक्षम अधिकारी ती नाकारू शकतो. म्हणूनच मार्चअखेरीच्या धांदलीत कडक शिस्तीच्या साहेबांपुढे ठेवायचा अर्ज हे नवख्या लिपिकाला मोठे संकट वाटते. धारणीच्या एखाद्या शासकीय कार्यालयात अकोट तालुक्यातून आलेला असा एक तरुण लिपिक कल्पावा, ज्याच्या आईचे अंगणात पडून खुब्याचे हाड मोडले आहे आणि तिच्यावर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली आहे.

त्याच्या पहिल्या मसुद्यात आईचे हाल, घरात दुसरे कोणी नसणे आणि ‘कृपावंत होऊन’ अशी विनवणी पानभर असते, पण किती दिवस, कोणती रजा आणि मागे काम कोण पाहणार, हे कुठेच नसते. ते वाचून शेजारच्या टेबलावरचे अनुभवी सहकारी त्याला स्वतःच्या आजारपणाचे प्रमाणपत्र जोडण्याचा सल्ला देतात. हा सल्ला घातक आहे, कारण परिवर्तित रजा, म्हणजे अर्धवेतनी रजेचे दुप्पट दिवस खर्ची टाकून पूर्ण वेतनावर मिळणारी रजा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर घ्यायची झाल्यास ती कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजारासाठी असते. आईच्या दुखण्यासाठी ते प्रमाणपत्र खोटेच ठरते आणि खोटे उघड झाले की सहानुभूतीही संपते.

खरा मार्ग अर्जित रजेचा आहे. ही सेवेतून कमावलेली पूर्णवेतनी रजा 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी प्रत्येकी 15 दिवस आगाऊ खात्यात जमा होते. सोमवार 9 मार्च ते शुक्रवार 20 मार्च अशी रजा घेतल्यास मधले शनिवार-रविवार धरून ती 12 दिवसांची होते, मात्र आधीच्या व नंतरच्या शनिवार-रविवारी रजा न मोजता गैरहजर राहण्याची परवानगी त्याच अर्जात मागता येते.

म्हणून त्याचा शेवटचा मसुदा इतकाच उरतो: ‘महोदय, आईच्या खुब्याचे हाड मोडले असून 10 मार्च रोजी अकोला येथे शस्त्रक्रिया आहे. सोबत रुग्णालयाची कागदपत्रे जोडली आहेत. दि. 9 ते 20 मार्च या 12 दिवसांची अर्जित रजा, लागून येणाऱ्या सुट्ट्या जोडून घेण्यास व मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी. प्रलंबित देयकांची यादी व कार्यभार शेजारच्या टेबलाकडे सोपवला असून रजेतील पत्ता व दूरध्वनी खाली दिला आहे.’

मुख्यालय म्हणजे नेमणुकीचे गाव. ते सोडण्याची परवानगी विसरली, तर रजा मंजूर असूनही विचारणा होऊ शकते. आईविषयीचे एकच वाक्य राहिले म्हणून भावना उणावत नाही, उलट मार्चच्या देयकांची चिंता असलेल्या साहेबांना मंजुरीची सही करायला आधार मिळतो, आणि या अर्जाचे खरे बळ कार्यभाराच्या त्या ओळीत आहे.

आईला सावरायला अधिक दिवस लागणार असतील, तर मुदतवाढीचा अर्ज 20 मार्चपूर्वीच पोहोचवावा. मंजूर रजा संपल्यावर परवानगीवाचून राहिलेल्या दिवसांचे वेतन मिळत नाही आणि हेतुपुरस्सर गैरहजेरी गैरवर्तन ठरते.