टक्का हलत नाही म्हणून गेम काढून टाकू नका

‘गेम इन्स्टॉल झाला म्हणजे पूर्ण आला, आता अडकला तर काढून पुन्हा टाकायचा’ हा मोबाइलवर खेळणाऱ्यांतला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. बीजीएमआयसारख्या मोठ्या गेमचा सगळा ऐवज प्ले स्टोअरमधून येत नाही. नकाशे, चित्रं, आवाज यांचा मोठा भाग पहिल्यांदा गेम उघडल्यावर कंपनीच्या सर्व्हरवरून उतरतो. हलका पॅक हवा की एचडी, असं तो विचारतो ते याचसाठी. अंबरनाथच्या आनंदनगरात पत्र्याच्या शेडखाली २ एमबीपीएस वेग मिळत असेल, तर १ जीबी उतरायला सलग तास-सव्वा तास लागतो. एवढ्या वेळात एखादा टक्का चाळीसेक सेकंद जागचा हलला नाही, तर तो बिघाड नव्हे, साधा हिशेब आहे.

खरंच अडकलंय का, हे सेटिंगमध्ये कळतं. त्या गेमने वापरलेला मोबाइल डेटा आणि फोनमध्ये व्यापलेली जागा, हे दोन आकडे दहा मिनिटांच्या अंतराने पाहावेत. दोन्ही वाढत असतील तर काम चालू आहे. डेटा वाढत नाही पण जागा वाढतेय, तर उतरलेल्या फाइल उलगडल्या जात आहेत. डेटा खर्च होतोय आणि जागा तेवढीच, तर बहुधा एकच तुकडा पुन्हा पुन्हा उतरून बाद होतोय.

तुकडा बाद होतो तो पडताळणीत. प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून एक आकडा काढतात आणि सर्व्हरच्या यादीतल्या आकड्याशी ताडून पाहतात. एक बाइट जरी कमी पडला तरी आकडा जुळत नाही. म्हणून पडताळणी फसली की व्हायरस शिरला किंवा फोन गेला, असं समजण्याचं कारण नाही. लोकलमध्ये उल्हासनगर ते बदलापूर टॉवर बदलत असताना जोडणी तुटली, किंवा स्टोरेज भरल्याने फाइल अर्धवट लिहिली गेली, तरी हेच होतं.

‘पण पुन्हा टाकल्यावर चालला की!’ असा आक्षेप येईल. चालतो, कारण खराब तुकडाही त्यात जातो. पण त्याच्यासोबत नीट उतरलेला बाकीचा ऐवजही पुसला जातो आणि तोच डेटा दुसऱ्यांदा खर्च होतो. Clear data चंही तेच. त्याऐवजी आधी जागा मोकळी करावी, कारण उलगडताना दाबलेली आणि उघडलेली अशा दोन्ही प्रती काही वेळ फोनमध्ये असू शकतात. मग एका जागी बसून, गेम समोर उघडा ठेवून, लॉगिनच्या पानावरचं Repair दाबावं. ते फाइल तपासून बिघडलेल्या पुन्हा आणतं. पडताळणी चांगल्या वाय-फायवरही त्याच ठिकाणी फसली, तरच गेम काढून पुन्हा टाकण्यात अर्थ आहे.