टँकरचा ड्रायव्हर ठेवताय? सर्टिफिकेट नाही, लायसन्सवरची नोंद बघा!

ट्रान्सपोर्टच्या व्हिडिओखाली एक प्रश्न वारंवार येतो: "सर, ड्रायव्हरकडे केमिकल वाहतुकीचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट आहे. मग टँकर द्यायला काय हरकत?"

हरकत आहे. सर्टिफिकेट सांगतं की माणूस शिकला. गाडी चालवायची परवानगी मात्र फक्त आरटीओ देतं, आणि ती लायसन्सवरच्या नोंदीत असते. यालाच आपण एन्डॉर्समेंट म्हणतो.

ॲसिड, पेट्रोल, गॅस असा धोकादायक माल न्यायचा असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमातला नियम 9 लागतो. ड्रायव्हरकडे आधी ट्रान्सपोर्ट लायसन्स हवं. मग मान्यताप्राप्त संस्थेत तीन दिवसांचा कोर्स करायचा. तिथलं सर्टिफिकेट घेऊन आरटीओकडे अर्ज करायचा आणि लायसन्सवर नोंद चढवून घ्यायची. बरेच जण कोर्स करतात, सर्टिफिकेट लॅमिनेट करतात आणि शेवटची पायरी विसरतात. तिथेच सगळं अडतं.

एखाद्या खाजगी क्लासचं "लॉजिस्टिक्स" किंवा "सेफ्टी" सर्टिफिकेट असेल तर नोकरीच्या मुलाखतीत त्याचा उपयोग होईल. पण त्यावर ही नोंद मिळत नाही.

आता तारखांची गंमत बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं, पण धोकादायक मालाची परवानगी तीनच वर्षं. नूतनीकरणाआधी एक दिवसाचा उजळणी कोर्सही करावा लागतो.

समजा, तुमच्या ड्रायव्हरचं ट्रान्सपोर्ट लायसन्स 9 मार्च 2029 पर्यंत आहे आणि धोकादायक मालाची मुदत 14 जून 2026 ला संपते. 15 जूनला तो त्याच लायसन्सवर सिमेंटचा ट्रक आरामात नेईल, पण ॲसिडचा टँकर नेऊ शकणार नाही. कार्डावरची 2029 ची तारीख बघून तुम्ही निर्धास्त राहिलात, तर कंपनीच्या गेटवर गाडी परत फिरू शकते. रस्त्यात पकडली तर ड्रायव्हरला दंड होतोच, शिवाय योग्य लायसन्स नसलेल्याला गाडी दिली म्हणून मालकाला कलम 180 खाली 5,000 रुपयांचा वेगळा दंड होऊ शकतो. अपघात झालाच तर विमा कंपनी हाच मुद्दा धरून क्लेमला हरकत घेऊ शकते. ते नुकसान दंडापेक्षा कितीतरी मोठं.

तपासायचं कसं? सोपं आहे. परिवहनच्या वेबसाइटवर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. खाली `Hazardous Valid Till` असा रकाना दिसेल. तिथे तारीख नसेल किंवा उलटून गेली असेल, तर हातातलं सर्टिफिकेट कितीही चकचकीत असो, त्या माणसाला टँकरची चावी देऊ नका.

आणि एक करा: प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे वहीत दोन तारखा लिहा, ट्रान्सपोर्टची आणि धोकादायक मालाची. दुसरी तारीख यायच्या दोन महिने आधी त्याला उजळणी कोर्सला पाठवा.