जवळ म्हणजे किती जवळ?

मुंबईत वर्सोव्याच्या जेट्टीवर उभं राहिलं की समोर मढ दिसतं. मधे फक्त खाडी. फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे सोडते, पण गाडीने जायचं तर मालाड-मार्वेवरून सुमारे २० किलोमीटरचा वळसा पडतो. या जेट्टीवर कुणाची दाढ ठणकायला लागली आणि त्याने फोनवर ‘दाताचा डॉक्टर’ शोधलं, तर यादीत पहिलं नाव कुणाचं यावं?

आधी फोनला आपण कुठे आहोत ते कळावं लागतं. नकाशावर निळ्या ठिपक्याभोवती फिकट वर्तुळ दिसतं, तो फोनच्या अंदाजातला फरक. उंच इमारतींच्या गर्दीत ते वर्तुळ मोठं होतं. मग शहरातला प्रत्येक दवाखाना तपासत बसण्याऐवजी यंत्रणा आधीच चौकटींत विभागलेला नकाशा वापरते. आपली चौकट आणि तिला लागून असलेल्या आठ चौकटी, एवढ्यातलेच दवाखाने ती उचलते. शेजारच्या चौकटी घ्याव्याच लागतात, नाहीतर आपण सीमेवर असलो तर रस्त्यापलीकडचा दवाखानाही सुटेल.

खरा पेच पुढे आहे. गूगल स्थानिक शोधाचे तीन निकष उघडपणे सांगतं: मागणीशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. यातल्या कशाला किती वजन, हे मात्र सांगत नाही. ते वजन कसं बदलतं हे पाहण्यासाठी तीन काल्पनिक दवाखाने घेऊ. पहिला मढला, सरळ रेषेत ४०० मीटरवर. दुसरा वर्सोव्यातच ७०० मीटरवर, ४.९ तारे, पण मत देणारे फक्त ६ जण. तिसरा १.७ किलोमीटरवर, ४.६ तारे, मतं ९००.

अंतर सरळ रेषेत मोजणं संगणकाला स्वस्त पडतं, म्हणून पहिली चाळणी बहुधा तशीच लागते. तिच्यात मढचा दवाखाना सगळ्यांत वर येतो. फेरी चालू असेल तर ते बरोबरही आहे. ती बंद असेल तर तोच सर्वांत लांबचा. खाडी, रेल्वेचे रूळ, उड्डाणपूल असलेल्या शहरात निवडक नावांसाठी तरी प्रत्यक्ष प्रवासाचा वेळ काढायलाच हवा. मढचं नाव तेव्हा खाली जातं आणि उरतात दोघे.

सहा जणांच्या ४.९ वर किती विसंबायचं? प्रचलित उपाय असा, की प्रत्येकाच्या खात्यात काही सरासरी मतं आधीच टाकायची. समजा ४.० ताऱ्यांची ५० मतं टाकली. दुसऱ्या दवाखान्याचे तारे ४.१ वर येतात. तिसऱ्याच्या ९०० मतांपुढे ही ५० किरकोळ, त्यामुळे तो जेमतेम हलतो आणि ४.५७ वर राहतो.

आता अंतर. दर किलोमीटरला गुण निम्मे करायचे ठरवलं, तर दुसऱ्याला २.५ आणि तिसऱ्याला १.४ गुण मिळतात, म्हणजे जवळचा जिंकला. दर १० किलोमीटरला निम्मे केले, तर ३.९ विरुद्ध ४.१, आणि लांबचा पुढे गेला. दवाखाने तेच, तारे तेच, बदलला तो फक्त एक आकडा. दाढ ठणकत असेल तर पहिला आकडा योग्य, दातांना तारा बसवायच्या असतील तर दुसरा. वर्ष-दोन वर्षं ज्या डॉक्टरकडे जायचं, त्याच्यासाठी एक किलोमीटर जास्त चालायला कुणाची हरकत नसते. म्हणून माणसाला काय हवंय हे आधी ओळखणं मला या सगळ्या गणितात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एटीएम, पंक्चरवाला, मेडिकल यांसाठी अंतराची शिक्षा कडक हवी. हाडांचा सर्जन किंवा लग्नाचा हॉल शोधताना सौम्य.

प्रसिद्धीच्या निकषात एक अन्याय दडलेला आहे. वर दिसणाऱ्यालाच जास्त लोक उघडून पाहतात, त्यालाच जास्त मतं मिळतात, आणि म्हणून तो वरच राहतो. गेल्या महिन्यात उघडलेला चांगला दवाखाना दहाव्या क्रमांकावर कुणाला दिसणार? यावर उपाय आहे: नव्या नावांना अधूनमधून मुद्दाम वर आणून लोक त्यांना कसा प्रतिसाद देतात ते पाहायचं. जुळण्याच्या निकषातही फसवणूक चालते. काही धंदेवाले नकाशावरच्या नावातच परिसर आणि सेवा यांची यादी कोंबतात, म्हणजे कुठल्याही शोधाला ते जुळावेत.

यादीवर कोणत्या निकषाचा जोर आहे, याचा अंदाज आपल्यालाही घेता येतो. नकाशा एक-दोन किलोमीटर सरकवून त्या भागात पुन्हा शोधा. सगळी नावं बदलली तर अंतराचा जोर जास्त. तीच नावं चिकटून राहिली तर प्रसिद्धीचा, किंवा मग त्या भागात दुसरं कुणी नाहीच. दाढ खरंच ठणकत असेल, तर ताऱ्यांआधी ‘आता सुरू’ची चाळणी लावा आणि निघण्यापूर्वी फोन करा, कारण नोंदवलेल्या वेळा जुन्या असू शकतात. आणि वर्सोव्यात असाल तर नाव मढचं नाही ना, तेही पाहा.