मंगळवारचे चार तास, बुधवारचं मशीन

सोमवारी सकाळी सात वाजता पहिली पाळी चालू झाली की सुपरवायझरला एकच कागद हवा असतो. गेल्या आठवड्यात कुणी किती ओटी केला, कोण आलं नाही, आणि न आलेल्याच्या जागी कोण उभं राहिलं. टाइम ऑफिसात बसणाऱ्या आमच्यासारख्यांकडे त्यासाठी दोन फायली असतात. एक रोस्टर, म्हणजे कुणाची कोणती पाळी लावली होती ती यादी. दुसरी गेटवरच्या पंचिंग मशीनमधून काढलेली. पहिली सांगते काय व्हायला हवं होतं, दुसरी सांगते कोण कधी गेटमधून आत-बाहेर गेलं. दोन्ही शेजारी मांडल्या की बेरीज आपोआप निघेल, असं मलाही सुरुवातीला वाटायचं.

आमच्या पाळ्या ७ ते ३, ३ ते ११ आणि रात्री ११ ते सकाळी ७. जेवणाची सुट्टी पगारी, म्हणून पाळी सरळ आठ तासांची. आता ९ जून २०२५, सोमवार, ते रविवार १५ जून हा आठवडा घेऊ. टोकन नंबर ०४१७ चा माणूस, आठवडाभर रात्रपाळी, सुट्टी रविवारी. मशीनमधून आलेल्या त्याच्या पहिल्या चार ओळी अशा:

```
EmpCode,PunchTime,Dir
0417,09-06-2025 22:52,IN
0417,10-06-2025 07:06,OUT
0417,10-06-2025 22:54,IN
0417,11-06-2025 11:03,OUT
```

माणसाच्या डोळ्याला यात काही अवघड नाही. सोमवारी रात्री आला, सकाळी गेला. मंगळवारी रात्री आला आणि चार तास जास्त थांबला. पण 'तारखेप्रमाणे पहिला पंच आणि शेवटचा पंच, त्यातलं अंतर म्हणजे कामाचे तास' असा हिशेब लावून बघा. सोमवारी एकच पंच, म्हणून तो दिवस अर्धवट. मंगळवारी पहिला पंच ७:०६, शेवटचा २२:५४, म्हणजे पंधरा तास अठ्ठेचाळीस मिनिटं काम! त्या वेळात हा गडी घरी झोपला होता. शनिवारची पाळी संपवून तो रविवारी सकाळी बाहेर पडला, तर कागद म्हणतो की सुट्टीच्या दिवशी कामावर आला. रात्रपाळीतल्या बऱ्याच जणांचा ओटी एकाच आठवड्यात रोज सात-आठ तासांनी फुगलेला दिसला की समजायचं, मध्यरात्रीने घोळ घातलाय.

कायद्याने याचं उत्तर फार पूर्वी दिलंय. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम ५७ याच प्रश्नासाठी होतं. पाळी मध्यरात्र ओलांडत असेल तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे आणि पुढचा दिवस पाळी संपल्यावर सुरू झाला असं धरायचं. सुट्टीचंही तसंच. ०४१७ चा रविवार रविवारी सकाळी सातला उगवतो आणि सोमवारी सकाळी सातला मावळतो.

म्हणून सुरुवात पंचापासून नाही, रोस्टरपासून करायची. रोस्टरची एक ओळ घ्या: ०४१७, मंगळवार, रात्रपाळी. पाळी सुरू होण्याआधी दोन तास ते सुरू झाल्यावर चार तास, एवढ्या वेळात त्याचा IN शोधा. सापडला की त्यापुढच्या अठरा तासांतला शेवटचा OUT त्याला जोडा. अठरा अशासाठी की कुणी डबल मारली तर सोळा तास होतात, वर दोन तास सैल सोडलेले बरे. लवकर येऊन चहा पिणाऱ्याची ती मिनिटं धरायची नाहीत, म्हणून मोजणी पाळीच्या वेळेपासून. एका ओळीत पाळीचा आरंभ, IN आणि OUT तारीख-वेळेसकट D2, B2, C2 मध्ये असतील तर:

```
=FLOOR(ROUND((C2-MAX(B2,D2))*1440,0),30)/60
```

१४४० म्हणजे दिवसाची मिनिटं, आणि ३० मुळे अपुरा अर्धा तास गळतो. आधी पूर्ण मिनिटात आणायचं कारण एक्सेल वेळ अपूर्णांकात ठेवतं. बरोबर सातला गेलेल्या माणसाचे कधीकधी ७.९९९९ तास भरतात आणि त्याचा अर्धा तास बुडतो. असा माणूस खिडकीशी येऊन भांडला, तर त्याचंच बरोबर असतं.

यातून निघालं: सोमवार ८, मंगळवार १२, बुधवार ८, शनिवार ८. गुरुवारी IN आहे, OUT नाही. शुक्रवारी काहीच नाही.

आता ओटी किती? १९४८ च्या कायद्याने रेघ मारली ती दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर, आणि त्यापुढच्या तासाला दुप्पट दर. गुरुवारचे आठ धरले तरी याचा आठवडा ४४ तासांचाच भरतो. नुसती आठवड्याची बेरीज बघणारा म्हणेल, ओटी शून्य. दिवसाची रेघ बघणारा म्हणेल, तीन. आमच्याकडे युनियनशी करार पाळीपुढच्या प्रत्येक तासाचा, म्हणून चार. तिन्ही उत्तरं त्याच चार ओळींतून निघतात. म्हणून कोणता नियम लावला ते कागदाच्या माथ्यावर लिहायचं आणि मर्यादेचे आकडे शीटच्या एका कोपऱ्यात वेगळे ठेवायचे. कायदा किंवा करार बदलला की तिथेच बदलायचे, सूत्रांत शोधत बसायचं नाही.

फाइल उघडतानाच दोन घाव बसू शकतात. डबल क्लिक करून उघडली की 0417 चा 417 होतो, रोस्टरमधल्या नंबराशी जुळत नाही आणि हजर माणूस आठवडाभर गैरहजर दिसतो. दुसरा जास्त कपटी. कॉम्प्युटरची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर 09-06 चा ६ सप्टेंबर होतो. १२ जूनपर्यंतच्या तारखा अशा गुपचूप उलटतात. १३ पासून पुढच्यांना तेरावा महिनाच नसतो, म्हणून त्या नुसता मजकूर होऊन रकान्यात डावीकडे चिकटतात. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे दिसल्या की तिथेच थांबायचं. दोन्ही रकाने मजकूर म्हणून आत घ्यायचे आणि मग तारीख बनवायची.

गैरहजेरीत मी चार खाने ठेवतो: मंजूर रजा, न कळवता गैरहजर, साप्ताहिक सुट्टी आणि 'बघायचं आहे'. शुक्रवारी ०४१७ चा रजेचा अर्ज नाही, फोन नाही, म्हणून न कळवता. गुरुवारचा एकटा IN मात्र चौथ्या खान्यात. तिथे आठ तास भरून टाकायचा मोह फार होतो. पण भरलेला आकडा आणि मोजलेला आकडा कागदावर सारखेच दिसतात, आणि महिन्याने कुणाला आठवत नाही कोणता कुठला.

आणि मंगळवारचे ते चार तास. पगारासाठी ते मंगळवारचेच. पण घड्याळात ते बुधवारी सकाळी सात ते अकराचे होते, कारण बुधवारी पहिल्या पाळीला ०५६२ आला नव्हता आणि त्याचं मशीन ०४१७ ने चालवलं. ओटी मंगळवारी आणि गैरहजेरी बुधवारी लिहिली की दोघांचा संबंध तुटतो. सुपरवायझरला वाटतं, मंगळवारी सगळे हजर असताना ओटी कशाला दिला? म्हणून मी दोन रकाने करतो, 'मोजणीचा दिवस' आणि 'कुणाच्या जागी'. दुसरा पंचिंग मशीनमधून निघत नाही. तो ओटीच्या स्लिपवरून हाताने भरावा लागतो. स्लिप नसेल तर रिकामा राहतो, आणि रिकामा दिसला की सुपरवायझर स्वतःच विचारतो.

त्या सोमवारी पाटील साहेबांनी कागद वरून खाली वाचला आणि बोट गुरुवारवर ठेवलं. "अहो, त्या दिवशी सकाळी गेटवर ही रांग होती. बस सुटत होती, पोरं पंच न करताच पळाली." पेनाने ७:०० लिहिलं, शेजारी सही केली. मग शुक्रवारकडे बघत म्हणाले, "याला पाठवा माझ्याकडे. रात्री येईल तेव्हा नको, आत्ता दारात असेल."

दारात तो नव्हता. रविवारची सुट्टी त्याची नुकतीच संपली होती, आणि पाळी रात्री अकराची.