नवव्या दिवसाची कविता

बागप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनात कोथिंबिरीच्या कुंडीशेजारी उभं राहून मी माझी छोटी कविता वाचली:

आठ दिवस माती गप्प.
बोटा, उकरू नकोस;
खाली मूळ आधी
अंधाराशी ओळख करून घेतंय.

यातले आठ दिवस यमकासाठी आलेले नाहीत. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, धण्याला मात्र आठ ते बारा दिवस लागतात, थंडीत आणखी जास्त. अख्खा धणा हे फळ असतं आणि त्यात दोन बिया असतात. म्हणून तो हलक्या हाताने रगडून दोन फाकी करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि अर्धा इंच खोल पेरायच्या. बीमधून आधी मूळ खाली जातं, कोंब नंतर वर येतो. सातव्या दिवशी उकरून पाहिलं की नेमकं तेच कोवळं मूळ तुटतं. माझी पहिली कुंडी अशीच गेली.

माती मात्र बघत राहावी. जोरात पाणी ओतलं की वर पापुद्रा धरतो आणि कोंब त्याखाली अडकतो. त्यामुळे वर चाळलेलं खत पसरून पाणी शिंपडायचं. पहिली दोन पानं लांबट, साधी असतात. ते तण नव्हे. कातरलेली पानं त्यानंतर येतात.