कानासाठी उतरवलेली गोष्ट

समजा, १९७२च्या दुष्काळातली एक मराठी कथा इंग्रजीत झाली आहे आणि आता तिचं ऑडिओबुक करायचं आहे. वाचणारी निवेदिका इंग्रजी उत्तम बोलते, पण मराठी तिला येत नाही. कथेतले काळे आणि मोरे रोमन लिपीत Kale आणि More होतात. पहिल्याचा उच्चार ती ‘केल’ करते, दुसऱ्याचा ‘मोअर’. यात तिची काहीच चूक नाही, कारण दोन्ही अक्षरशः इंग्रजी शब्द आहेत.

संहितेत मात्र नावं बदलू नयेत, ती छापील पुस्तकाशी जुळलीच पाहिजेत. त्याऐवजी उच्चारांची वेगळी यादी द्यावी: KAH-lay, MOH-ray. शेजारी पहिल्यांदा नाव येतं ते पान लिहावं. तरीही ‘जाधव’ आणि ‘जया’ यांच्यातल्या दोन वेगळ्या ‘ज’साठी रोमन लिपीत एकच अक्षर आहे. म्हणून मराठीभाषकाच्या आवाजात ही नावं सावकाश, प्रत्येकी दोनदा रेकॉर्ड करून द्यावीत. कागदापेक्षा कानाला ती लवकर कळतात.

आकड्यांचं काम अनुवाद पक्का होण्याआधीच उरकावं. कथेतल्या पत्रावर तारीख आहे ५/६/७२. अमेरिकन निवेदिका ती सहा मे वाचेल. मग पावसाची वाट पाहणारा जून जाऊन ऐन उन्हाळा येईल आणि पुढचा सगळा प्रसंग विसंगत वाटेल. इथे महिन्याचं नावच लिहायला हवं. आजीच्या तोंडचे पावणेदोनशे रुपये अंकांत न ठेवता अक्षरांत लिहावेत, आधी ‘रुपये’ की आधी आकडा हा प्रश्नच उरत नाही. ‘लाख’ मात्र तसाच राहू द्यावा. सावकाराशी बोलणारा शेतकरी ‘शंभर हजार’ म्हणू लागला, तर तो त्या गावचा राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ संवादांना द्यावा लागतो. ‘मी जाते’, ‘मी जातो’ यांत बोलणारी बाई की पुरुष हे मराठी क्रियापदच सांगतं. इंग्रजीत दोन्ही वाक्यं एकच होतात. छापील पानावर नव्या ओळीमुळे आणि अवतरणचिन्हांमुळे निभावतं, पण ऐकणाऱ्याला ती दिसत नाहीत. तिघं बोलत असतील तर चौथ्या वाक्याला तो हरवतो. प्रत्येक ओळीला ‘तो म्हणाला’ जोडणं कंटाळवाणं होतं. त्यापेक्षा बोलणाऱ्याची एखादी हालचाल वाक्याच्या आधी आणावी: काळ्यांनी फावडं खाली ठेवलं, मग त्यांचं बोलणं. ‘ती कुजबुजली’ हेही वाक्याच्या सुरुवातीलाच हवं. ते शेवटी आलं, तर ऐकणाऱ्याला कुजबूज कळते ती बोलणं संपल्यावर.

हे जमलंय का, ते तपासायला कथा न वाचलेला एक माणूस लागतो. त्याच्या हाती कागद न देता प्रकरण मोठ्याने वाचावं. ‘हे कोण बोललं?’ असं तो जिथे विचारेल तिथे खूण करावी. वाचणारा जिथे अडखळून वाक्य पुन्हा सुरू करेल, तिथेही. स्टुडिओत जाण्याआधी दुरुस्त करायच्या जागा याच.