बिल हातात, तरी वजावट का अडते?

शिरवळच्या एखाद्या हार्डवेअर दुकानदाराने पुण्याहून 50,000 रुपयांचा माल आणला आणि 18 टक्क्यांनी 9,000 रुपये जीएसटी दिला. बिल फाईलला आहे, तरी ते 9,000 वजा होत नाहीत. असं का?

कारण नुसतं बिल पुरत नाही, ते विक्रेत्याने पोर्टलवर चढवलेलंही लागतं. मासिक विवरणपत्र भरणारा विक्रेता पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत ते बिल पोर्टलवर चढवतो. त्यावरून 14 तारखेला आपल्या खरेदीची यादी, जीएसटीआर-2बी, तयार होते. आपलं विवरणपत्र 20 तारखेपर्यंत भरायचं. ताळा जुळवायला मधले मोजकेच दिवस उरतात.

म्हणून बिल येईल त्याच दिवशी त्यावर आपला 15 अक्षरी जीएसटी क्रमांक आहे का ते बघावं. क्रमांक नसेल तर ती विक्री साध्या ग्राहकाला केलेली धरली जाते आणि आपल्या यादीत येतच नाही. परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट मूळ बिलालाच टाचावी. थर्मल कागदाची बिलं उष्णतेने पुसट होतात. त्यांची लगेच झेरॉक्स काढावी.

गठ्ठा तारखेप्रमाणे लावलेला असला की यादीत नसलेलं बिल अकाउंटंटला चटकन सापडतं आणि पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन जातो. त्याने ते पुढच्या महिन्यात चढवलं, तर वजावटही तेव्हाच मिळते. तोवर 9,000 रुपये खिशातून भरावे लागतात.